छत्तीस बाय चोवीसचा फोटो आणि ऐंशी रुपयांची पट्टी

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमधल्या एका मराठी घरात आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे, असं धरू. पावसाळ्यात भदभदा धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा काढलेला कुटुंबाचा एक छान फोटो आहे. मागे पाणी, पुढे आजी-आजोबा, सुना, नातवंडं. पुण्यातला धाकटा मुलगा तेवढा त्यात नाही. त्याला व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोतून कापून आत बसवायचं आणि बाहेरच्या खोलीत ३६ बाय २४ इंचांचा फोटो लावायचा. शिवाय हॉलमध्ये स्टेजमागे तोच फोटो ६ बाय ४ फुटांच्या फ्लेक्सवर हवा आहे.

मुलगा बसवून झाला, मोबाइलच्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिला, कुणाला जोड ओळखू आला नाही. इथे बहुतेकांना काम संपलं असं वाटतं. पण पडद्यावर न दिसलेला जोड कागदावर दिसतो. कापलेल्या आकृतीभोवती पांढरी दोऱ्यासारखी रेघ येते, तिच्या गालावर चौकटी दिसतात आणि मागचं पाणी खडबडीत होतं. हे का होतं, ते छापण्याआधी कसं ओळखायचं आणि त्यावर किती खर्च करायचा, त्याचा हा हिशोब.

आधी पैशाचं

मोठी छपाई चौरस फुटावर चालते. ३६ बाय २४ इंच म्हणजे ६ चौरस फूट. दर दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात. लग्नसराईत आणि निवडणुकीच्या दिवसांत तर घाई करणाऱ्याला वेगळाच भाव सांगतात. म्हणून खालचे दर नमुन्याचे समजा आणि दोन-तीन ठिकाणी फोन करून तुम्हाला मिळालेले दर त्यांच्या जागी घाला.

फोटो पेपरवरची इंकजेट छपाई चौरस फुटाला १२० रुपये धरली तर ७२० रुपये. त्यावर मॅट लॅमिनेशन २५ रुपयांनी १५०. सनबोर्डवर चिकटवायचे ६० रुपयांनी ३६०. एकूण १,२३०. पक्कं बिल घेतलं तर जीएसटी वेगळा. फ्लेक्सचा दर १५ रुपये धरला तर ६ बाय ४ फुटांचे, म्हणजे २४ चौरस फुटांचे, ३६० रुपये. कडेच्या आयलेट त्यात धरल्या आहेत की नाहीत ते आधीच विचारायचं. मुलगा कापून बसवणाऱ्याने ८०० रुपये घेतले असं धरू. या सगळ्यात आणखी एक ८० रुपयांची रक्कम येणार आहे. माझ्या मते या कामातला सगळ्यात चांगला लागलेला पैसा तोच, पण त्याकडे नंतर येऊ.

मापात एक खाच आहे. फोटो पेपर रोलवर येतो आणि रोलची रुंदी ठरलेली असते, उदाहरणार्थ २४, ३६ किंवा ४४ इंच. ३६ बाय २४ चा फोटो २४ च्या रोलवर बरोबर बसतो. फ्रेमवाल्याने ‘थोडा बडा बनवा लीजिए’ म्हटलं आणि तुम्ही ३७ बाय २५ केलंत, की तो ३६ च्या रोलवर जातो. कागद मग ३६ बाय ३७ इंचांचा लागतो, म्हणजे सव्वानऊ चौरस फूट. दुकानदाराने वाया गेलेला कागदही धरला तर ७७० च्या जागी १,११० रुपये लागतील, तेही एका इंचासाठी. उलट, काही मशीन रोलच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. त्यामुळे चित्र साडेतेवीस इंचांवर आणायचं का, हे फाइल तयार करण्याआधी विचारा. कोटऱ्यातल्या एखाद्या स्टुडिओत फाइल दिली तरी मोठ्या रुंदीची छपाई तो बहुधा एम. पी. नगरकडच्या मशीनवाल्याकडेच करून घेईल. तुम्हाला बोलायचं आहे ते मशीन चालवणाऱ्याशी. मधल्या माणसाला रोलची रुंदी माहीत असेलच असं नाही.

धाकट्या मुलाचा प्रश्न

कुटुंबाचा मूळ फोटो २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा आहे, ६००० बाय ४००० पिक्सेल. ३६ इंचांवर पसरला की इंचाला १६६ पिक्सेल पडतात. हे पुरेसं आहे का? साधारण चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखते. त्यावरून एक सोपा भागाकार निघतो: ३४३८ ला इंचांमधल्या अंतराने भागा. तीन फुटांवरून, म्हणजे ३६ इंचांवरून पाहणाऱ्याला इंचाला ९५ पिक्सेल पुरतात. एक फुटावरून पाहणाऱ्याला २८६ लागतात. घरातला फोटो लोक तीन-चार फुटांवरून पाहतात खरे, पण कुटुंबाचा फोटो असला की प्रत्येक जण जवळ जाऊन आपला चेहरा शोधतो. म्हणून १६६ हा आकडा बरा आहे, ऐषारामाचा नाही. दुकानदार ‘तीन सौ डीपीआय चाहिए’ म्हणाला तर घाबरू नका. मशीनचे ७२० किंवा १४४० डीपीआय हे शाईच्या थेंबांचे असतात, तुमच्या फोटोतल्या पिक्सेलचे नाहीत.

आता मुलगा. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलवर येतो. उभ्या फोटोत मुलाची आकृती उंचीच्या पाच-अष्टमांश धरली तर तो १००० पिक्सेलांचा झाला. पोस्टरमध्ये त्याला इतरांच्या शेजारी १४ इंच उंच उभं करायचं आहे. म्हणजे इंचाला ७१ पिक्सेल. शेजारच्या भावाला १६६ आणि त्याला ७१. दोन इंचांचा चेहरा धरला तर भावाच्या चेहऱ्यात ३३२ पिक्सेल आहेत आणि त्याच्या चेहऱ्यात १४२. मोबाइलवर हा फरक दिसत नाही, कारण तिथे दोघांनाही तेवढे पिक्सेल मिळतच नाहीत.

यात दुसरी भर दाबलेल्या जेपेग फाइलची. जेपेग चित्राच्या ८ बाय ८ पिक्सेलांच्या चौकटी करून ते दाबतो. इंचाला ७१ पिक्सेल असताना अशी एक चौकट कागदावर जवळपास ३ मिलिमीटरची होते. गालावर, कपाळावर, साध्या रंगाच्या शर्टवर ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. शार्पनिंग केलं की या चौकटींच्या कडाच आधी उठतात.

यावरचा इलाज फुकट आहे. मुलाला फोन करून सांगायचं की मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर मेलने किंवा ड्राइव्हवर टाक. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा उभा फोटो ४०३२ पिक्सेल उंच असतो. त्याच हिशोबाने आकृती २५२० पिक्सेलांची होते आणि १४ इंचांवर इंचाला १८० पडतात. भावाशी जुळलं. ८०० रुपये घेणाऱ्याने हा फोन तुम्हाला करायला लावला नाही, तर त्याने पोस्टरचं काम आधी केलेलं नाही असं मी समजेन.

मूळ फोटो मिळालाच नाही तर? फोन बदलला, फोटो गेला, होतं असं. मग सगळ्यात कमकुवत चेहरा पोस्टरचं माप ठरवतो. फोटो १८ बाय १२ इंचांचा करा: मुलगा ७ इंचांचा होईल आणि इंचाला १४३ पिक्सेल पडतील. कागद दीड चौरस फूट, म्हणजे १८० रुपयांचा. लहान पण नेटका फोटो भिंतीवर टिकतो. मोठ्या फोटोत एकच माणूस धूसर असला की येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्याचबद्दल विचारतो.

रेघ येते कुठून

शार्पनिंगने फोटोत नवा तपशील येत नाही. सॉफ्टवेअर कडा शोधतं, कडेच्या काळपट बाजूला आणखी काळं करतं आणि उजळ बाजूला आणखी उजळ. डोळ्याला ती कड टोकदार भासते. त्या काळ्या-उजळ पट्ट्याची रुंदी किती, यावर सगळं अवलंबून आहे. पट्टा डोळ्याला वेगळा दिसणार नाही इतका बारीक असेल तर फोटो खणखणीत वाटतो. वेगळा दिसू लागला की तीच आपली पांढरी रेघ.

हे काम तीन टप्प्यांत करावं, असं ब्रूस फ्रेझर या छायाचित्रतज्ज्ञाने २००६ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर मांडलं. कॅमेऱ्याने आलेला मऊपणा घालवायला थोडं शार्पनिंग सुरुवातीला. डोळे, दागिने असं काही उठवायचं असेल तर तेवढ्याच जागी मधे. आणि शेवटचं छपाईसाठी, अंतिम मापावर, कोणत्या कागदावर जाणार ते ठरल्यावर. पोस्टर बिघडतात ते या शेवटच्या टप्प्याची जागा चुकल्यामुळे. जोडकाम करणारा लहान मापावर फोटो ‘चमकवून’ देतो आणि मग दुकानात तो ताणला जातो. ताणताना पट्टाही ताणला जातो. दोन पिक्सेलांचा पट्टा इंचाला ७१ पिक्सेल असलेल्या आकृतीभोवती ०.७ मिलिमीटरचा होतो. हातात धरून पाहण्याच्या अंतरावर तो स्पष्ट दिसतो.

फ्रेझर यांचा आडाखा असा, की जवळून पाहायच्या छपाईत पट्टा इंचाच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे पाव मिलिमीटरचा असावा. यावरून `Radius` चा आकडा काढणं सोपं आहे: इंचाला जितके पिक्सेल, त्याला २०० ने भागा. ३०० ला दीड, २०० ला एक. पट्टा मोजायचा तो कागदावरच्या मिलिमीटरात, हे एकदा डोक्यात बसलं की यूट्यूबवरचे तयार आकडे मागायची गरज उरत नाही. ते आकडे दुसऱ्याच्या मापाच्या फोटोचे असतात.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. फोन फोटो काढतानाच भरपूर शार्पनिंग करून ठेवतात, त्यामुळे मुलगा स्वतःचा पट्टा घेऊनच आलेला आहे. कॅमेऱ्यातलं कुटुंब मऊ आणि तो कडक. दोघांवर सारखंच शार्पनिंग चालवलं तर कुटुंब ठीक होतं आणि मुलगा कागदी कात्रणासारखा दिसू लागतो. त्यात कापताना मूळ पार्श्वभूमीचा एखादा पिक्सेल केसांभोवती राहिलेला असतो. शार्पनिंग तोही उजळवतं. म्हणून मुलाच्या थरावर आधी कडेचा एक-दोन पिक्सेल आत घ्यायचा, कड किंचित मऊ करायची आणि शेवटच्या शार्पनिंगमधून त्याची बाह्यरेषा वगळायची.

फाइल तयार करताना

थर असलेली मूळ फाइल तशीच ठेवा आणि पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करा. जोडकाम करणाऱ्याकडून ही थरांची पीएसडी फाइल मागून घ्यायचं आधीच ठरवा. नंतर मागितली तर काही जण तिचे वेगळे पैसे सांगतात. आतला मुलगा `Smart Object` म्हणून ठेवलेला असावा. नाहीतर त्याला एकदा लहान करून पुन्हा मोठा केला की मधले पिक्सेल कायमचे जातात आणि वर केलेला १८० चा हिशोब कागदावरच राहतो.

प्रतीतले थर एकत्र करा आणि `Image Size` मध्ये ३६ बाय २४ इंच, इंचाला २०० पिक्सेल भरा. फाइल ७२०० बाय ४८०० होईल. वाढ अवघी वीस टक्क्यांची आहे, `Preserve Details 2.0` ती नीट करतं. १६६ वरच का ठेवत नाही? ठेवलं तरी चालेल. पण मग उरलेली वाढ छपाईचं सॉफ्टवेअर आपल्या पद्धतीने करतं, आणि ती तुमच्या शार्पनिंगनंतर होते. वाढ आधी, शार्पनिंग नंतर, हा क्रम आपल्या हातात राहावा म्हणून ही वीस टक्के. हौसेखातर ३०० किंवा ६०० भरू नका, फाइल फुगते आणि तपशील तेवढाच राहतो.

मग थराची एक प्रत काढून तिचा मोड `Luminosity` करा, म्हणजे कडांना रंगीत झालर येत नाही. त्यावर `Unsharp Mask`: `Amount` १३०, `Radius` १, `Threshold` ३. जिंपमध्येही हेच तीन आकडे असतात, फक्त तिथली `Amount` आणि `Threshold` ची मापं वेगळी आहेत. जिंप फुकट आहे आणि या कामाला पुरतं. आता या थराला मास्क लावून ब्रश घ्या. आजीच्या साडीची जर, आजोबांच्या चष्म्याची फ्रेम, डोळे, केस इथे शार्पनिंग पूर्ण ठेवा. चेहऱ्यांच्या त्वचेवर निम्मं करा, नाहीतर ऐंशीच्या आजोबांना नव्वदीचं कराल. आभाळावरून पूर्ण पुसा. मुलाच्या बाह्यरेषेवरूनही पुसा.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं, कारण भोपाळच्या निम्म्या कुटुंबांच्या फोटोंमागे तलाव असतोच. मोठ्या तलावाचं जास्तीचं पाणी भदभद्यावरून कलियासोत नदीत सोडतात. १९६५ साली बांधलेल्या या धरणाला ११ दरवाजे आहेत, आणि ते उघडले की मागे पांढरा फेस आणि तुषार असतात. फेसाला खरी कड नसते, पण सॉफ्टवेअरला त्यात हजारो कडा दिसतात. तो सगळा फेस ते खडूच्या भुकटीसारखा टोकदार करतं आणि नजर आजोबांवरून मागे जाते. फेसावर शार्पनिंग पाव ठेवा. काँक्रीटच्या खांबांवर थोडं अधिक चालेल.

शेवटी कणांचा हलका थर. कॅमेरा आणि फोन यांचे कण वेगळे असतात आणि मोठ्या मापावर तो फरक जोड उघडा पाडतो. राखाडी रंगाचा एक थर `Overlay` मोडमध्ये ठेवून त्यावर `Add Noise` दोन-तीन टक्के, एकरंगी. हे शार्पनिंगनंतरच करायचं. आधी केलं तर कणच शार्प होतात आणि कुटुंब वाळूत बसल्यासारखं दिसतं.

हे सगळं पडद्यावर शंभर टक्क्यांना पाहिलं तर भडक वाटेल, आणि तसंच वाटायला हवं. शाई कागदात थोडी पसरते आणि कडा मवाळ होतात. २४ इंचांच्या फुल एचडी मॉनिटरवर इंचाला साधारण ९२ पिक्सेल असतात, म्हणून २०० ची फाइल ५० टक्क्यांवर पाहिली की ती जवळजवळ छापील आकारात दिसते. तिथे ती खणखणीत पण सहज वाटली पाहिजे. मॉनिटरचा उजेड मात्र कमी करून पाहा. पूर्ण उजेडाच्या पडद्यावर ठरवलेला फोटो कागदावर काळवंडतो आणि दोष मशीनला मिळतो.

मजकूर फोटोवर घालणार असाल तर तो शार्पनिंग झाल्यावर, सगळ्यात वरच्या थरावर घाला. ‘सहस्रचंद्रदर्शन’ हा शब्द तर फॉन्टची परीक्षाच आहे: स्र, द्र आणि र्श एकाच शब्दात. दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला किंवा भारतीय लिपींची जोडाक्षरं जुळवणारी मांडणी चालू नसली, की हलन्त सुटे पडतात आणि रफार भलत्याच अक्षरावर जातो. थर एकत्र करून चित्र म्हणूनच फाइल न्या, किंवा अक्षरांचे आकार पक्के करून पीडीएफ द्या. दुकानात उभं राहून मराठी मजकूर टाइप करायला कुणालाही सांगू नका.

कागद आणि फ्लेक्स

चमकदार कागदावर कडा जशाच्या तशा येतात, पण समोरच्या भिंतीवरची ट्यूबलाइटही येते. मॅट कागद शाई पितो, त्याला शार्पनिंग थोडं जास्त लागतं. `Amount` १३० च्या जागी १६० करून चाचणीची पट्टी काढून पाहा. `Radius` ला हात लावू नका. कॅनव्हासच्या विणीत बारीक तपशील असाही हरवतो आणि गुंडाळायला चारही बाजूंनी दीड-दोन इंच जास्तीचं चित्र लागतं. कडेला उभ्या माणसाचा खांदा मग फ्रेमच्या बाजूला वळतो. कुटुंबाच्या फोटोसाठी मी कॅनव्हास सुचवणार नाही.

फ्लेक्सची गंमत अशी, की ६ बाय ४ फूट हे ३६ बाय २४ च्या बरोबर दुप्पट आहे, प्रमाण तेच. म्हणजे हीच ७२०० बाय ४८०० ची फाइल इंचाला १०० पिक्सेलने फ्लेक्सवर जाते. पाव मिलिमीटरचा पट्टा तिथे अर्ध्या मिलिमीटरचा होतो. दहा फुटांवरून पाहणाऱ्या डोळ्याची मर्यादा साधारण ०.९ मिलिमीटरची आहे, त्यामुळे तो दिसत नाही. तेव्हा फ्लेक्ससाठी पुन्हा जोडकामाचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. फक्त शार्पनिंगच्या थराची एक वेगळी प्रत ठेवा आणि तिची `Amount` २०० च्या आसपास न्या, कारण सॉल्व्हंटची शाई फ्लेक्सवर जास्त पसरते. कडेच्या आयलेटसाठी चारही बाजूंना दोन इंच मोकळे सोडा. धाकटा मुलगा कडेला उभा असेल तर नेमकं भोक त्याच्या कोपरात पडतं.

ऐंशी रुपयांची पट्टी

पोस्टरच्या आधी त्याच मशीनवर, त्याच कागदावर ८ बाय १२ इंचांचा एक तुकडा छापून घ्या. तो चौरस फुटाच्या दोन-तृतीयांश होतो, म्हणजे १२० च्या दराने ८० रुपये. काही दुकानं कमीत कमी एक चौरस फुटाचे पैसे घेतात, मग १२०. पूर्ण पोस्टर नव्याने करायचं म्हणजे लॅमिनेशन-सनबोर्डसकट १,२३० रुपये, आणि चूक फाइलमध्ये असेल तर दुकानदार ते सोसत नाही. सोसावेत असंही नाही.

हा तुकडा पूर्ण मापातला असला पाहिजे. अख्खा फोटो ए-फोरवर आखडून दिलेला ‘सॅम्पल’ निरुपयोगी आहे, कारण आखडलं की मोबाइलवरच्यासारखं सगळंच छान दिसतं. ७२०० बाय ४८०० च्या फाइलमधून २४०० बाय १६०० पिक्सेलांचा तुकडा कापा आणि तो असा निवडा, की त्यात मुलाचा चेहरा, शेजारच्या भावाचा चेहरा, थोडी जर आणि थोडं पाणी येईल. दुकानात सांगताना हिंदीत एवढंच स्पष्ट सांगा: ‘भैया, फिट टू पेज मत करना, और कोई करेक्शन मत लगाना, जैसा है वैसा ही निकालना.’ दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. स्टुडिओच्या लॅबमध्ये आपोआप उजळवणं आणि शार्प करणं चालू असू शकतं आणि तुमच्या शार्पनिंगवर त्याचा दुसरा थर चढतो.

पट्टी दुकानाच्या दिव्याखाली पाहून हो म्हणू नका. बाहेर सावलीत या. आधी हात लांब करून पाहा, मग भिंतीला लावून तीन फुटांवरून. मुलाच्या खांद्याभोवती पांढरा दोरा दिसला तर बाह्यरेषा नीट पुसली गेलेली नाही. दोरा सगळ्यांभोवती दिसला तर `Radius` जास्त आहे किंवा लॅबने करेक्शन लावलं आहे. फाइल पुन्हा पाहिली की यातलं कोणतं ते कळतं. फक्त मुलाच्या गालावर चौकटी असतील तर मूळ फोटो मिळालेला नाही, कुणी काहीही सांगो. जर चमचमते पण चेहरे मऊ, तर मास्कमध्ये चेहऱ्यांचं शार्पनिंग थोडं वाढवा. सगळंच मऊ असेल तर `Amount` वीस-तीसने वाढवा. आणि सगळंच काळपट असेल तर त्याचा शार्पनिंगशी संबंध नाही. फोटो थोडा उजळवा आणि फाइल एसआरजीबी रंगातच दिली होती ना, ते तपासा. दुकानदाराने आपल्या मशीनचं रंगांचं प्रोफाइल दिलं नसेल तर स्वतःहून सीएमवायके करून नेऊ नका.

दुरुस्ती मोठी असेल तर दुसरी पट्टी काढा. तरीही १६० रुपयेच झाले. एकूण बिल मग असं: जोडकाम ८००, पट्ट्या १६०, फोटो पेपर, लॅमिनेशन आणि सनबोर्ड मिळून १,२३०, फ्लेक्स ३६०. बेरीज २,५५०, शिवाय एम. पी. नगरच्या फेऱ्यांचं पेट्रोल.

फाइल पेन ड्राइव्हवर न्या, ८ बिटची टिफ किंवा सर्वोच्च दर्जाची जेपेग. दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलीत तर ७२०० पिक्सेलांचे १६०० होतील आणि धाकट्या मुलाचं जे झालं असतं ते सगळ्या कुटुंबाचं होईल. फाइलच्या नावातच माप आणि कागद लिहा, `36x24_matte_200.tif` असं, म्हणजे फ्लेक्सची फाइल फोटो पेपरवर चढणार नाही. लॅमिनेशन त्याच दिवशी घाईने करून मागू नका. शाई नीट वाळू द्या, नाहीतर आत बुडबुडे येतात. समारंभाच्या किमान चार दिवस आधी फाइल दुकानात पोहोचली, तर पट्टी, दुरुस्ती, वाळवण आणि फ्रेम हे सगळं त्यात बसतं.